प्लांट रूमच्या लुव्हरमधून पाणी आत येतंय

प्रश्न: बडोद्यात प्लांट रूमचा लुव्हर १.५ बाय १ मीटर आहे, हवा सेकंदाला ३ घनमीटर, फेस व्हेलॉसिटी २ च आहे, तरी पावसात फिल्टर भिजतात. का?

उत्तर: लुव्हर लहान पडतोय भाऊ, २ चा आकडा अख्ख्या ओपनिंगचा आहे, पण हवा जाते पात्यांमधल्या फटीतून. साध्या लुव्हरचा फ्री एरिया ४५ टक्के धरला तर ०.६७५ चौरस मीटर, म्हणजे फटीत वेग जवळपास ४.४ मीटर प्रति सेकंद, एवढ्यात थेंब हवेबरोबर ओढले जातात. १.५ बाय १.६ केलात तर वेग २.८ वर येतो. खरा फ्री एरिया मात्र कॅटलॉगमधूनच घ्या, मागची जाळीही मोजा. आणि तोंड नैऋत्येला असेल तर नुसता वेग कमी करून भागणार नाही, तिथे वाऱ्यासकट पावसाची टेस्ट झालेला, EN 13030 चा क्लास A लुव्हरच बघा.