स्पीकरची भाषा, स्पीकरचा आवाज: वाचकांची प्रश्नोत्तरे

सासूबाई मराठीत बोलतात, मी गुजरातीत, मुलगा इंग्रजीत. इको स्पीकर फक्त मुलाचंच ऐकतो. तिघांचं कसं ऐकेल? (दांडिया बाजार, वडोदरा)

आधी कडू गोष्ट: इको स्पीकरला भारतात इंग्रजी आणि हिंदी येतं. मराठी आणि गुजराती भाषेच्या यादीतच नाहीत. त्यामुळे तुम्हा दोघींचं बोलणं त्याला हिंदीच्या कानानं ऐकावं लागणार, आणि सध्या त्याला तो कानच दिलेला नाही.

अलेक्सा अ‍ॅपमध्ये Devices उघडून तुमचा इको निवडा. वरच्या चाकाच्या खुणेवर दाबा, मग Language. तिथे इंग्रजी-हिंदी एकत्र असलेला पर्याय घ्या, नुसता हिंदी नको. नाहीतर उद्या मुलगा तक्रार करेल. ही सेटिंग प्रत्येक स्पीकरची वेगळी असते. दिवाणखान्यातला बदलला म्हणून स्वयंपाकघरातला बदलत नाही.

यानंतर घरात एक बोली ठरवा. आपल्या सुदैवानं «लाईट चालू कर» आणि «लाईट बंद कर» ही वाक्यं मराठीत आणि गुजरातीत जवळजवळ एकसारखी आहेत, आणि हिंदीच्या कानालाही ती कळतात. घोटाळा होतो तो वस्तूंच्या नावांत. सासूबाई «पंखा» म्हणणार, तुम्ही «पंखो», मुलगा «फॅन». अ‍ॅपमध्ये त्याचं नाव «फॅन» ठेवा, कारण ते तिघांच्याही तोंडी आहे. दोन खोल्यांत पंखे असतील तर «हॉल फॅन» आणि «बेडरूम फॅन».

आता सासूबाईंचं अस्सल मराठी वाक्य घेऊ: «देवघरातला दिवा लाव.» (दिवा म्हणजे इथे अ‍ॅपला जोडलेला स्मार्ट बल्ब.) हिंदीला «लाव» माहीत नाही, स्पीकर त्याचं «लाओ» करू शकतो. सासूबाईंना त्यांच्या नेहमीच्या स्वरात हे वाक्य तीन-चार वेळा म्हणू द्या. मग अ‍ॅपच्या More मध्ये Activity आणि त्यात Voice History उघडा. स्पीकरनं काय ऐकलं ते तिथे लिहिलेलं दिसतं. जे रूप वारंवार आलं असेल, समजा «देवघर का दिवा लाओ», तेच जसंच्या तसं घेऊन More मधल्या Routines मध्ये नवीन रूटीन करा. सुरुवात Voice, वाक्य हे, आणि कृती म्हणजे देवघरातला बल्ब चालू. वाक्य चुकीचं दिसलं तरी सुधारू नका. स्पीकरला शुद्ध मराठी नको आहे, त्यानं स्वतः ऐकलेलं हवं आहे. दर वेळी वेगळंच लिहिलेलं दिसलं, तर त्या वाक्याचा नाद सोडून दुसरं निवडा. फार आखूड वाक्यं जास्त फसतात. तीन-चार शब्द बरे.

हे ठरावीक हुकमांपुरतंच चालतं. «आज पाऊस पडेल का?» असे मोकळे प्रश्न मराठीत विचारायचे असतील तर अँड्रॉइड फोन घ्या. गूगल असिस्टंटला फोनवर 2018 पासून मराठी येतं, गुजरातीही येतं. असिस्टंटच्या सेटिंगमध्ये Languages मधून भाषा जोडता येतात.

दोन्ही भाषा चालू केल्या, तरी हिंदीत विचारल्यावर कधीकधी उत्तर इंग्रजीत येतं. का? (मांजलपूर)

इको स्पीकर प्रत्येक वाक्याची भाषा नव्यानं ओळखतो. आधी कोण बोललं, कोणत्या भाषेत बोललं, याच्याशी त्याला फारसं देणंघेणं नाही. «किचन लाईट ऑफ» या वाक्यात हिंदी आहेच कुठे? क्रियापद हिंदी ठेवा, म्हणजे «बंद करो», आणि वाक्य एकाच भाषेत पुरं करा. अर्धं हिंदी, अर्धं इंग्रजी बोलायची आपली सवयच इथे नडते.

व्हॉइस आयडी नोंदवून हे सुटेल असं वाटतं, पण ती सोय माणूस ओळखते, भाषा नाही.

बाईऐवजी पुरुषाचा आवाज हवा. भाषा बदलावी लागेल का? (कारेलीबाग)

नाही. इकोसाठी वर सांगितलेल्या त्याच चाकाच्या पानावर Alexa's Voice आहे. बदल त्या एका स्पीकरपुरता होतो. भाषा आणि आवाज एकाच दिवशी बदलू नका. आधी भाषा, चार दिवसांनी आवाज. दोन्ही एकदम बदललं की घरातली मोठी माणसं बिचकतात, आणि काय बिघडलंय ते तुम्हालाही कळत नाही.