आभाराच्या पत्रात खरेदीची अट नको

प्रश्न: माझ्या दुकानाला पुढच्या महिन्यात एक वर्ष होतंय. नेहमीच्या ग्राहकांना आभाराचं पत्र द्यायचंय, सोबत छोटीशी भेटही. पण ते जाहिरातीसारखं वाटायला नको. काय आणि कसं लिहू?

माझं स्टेशनरीचं दुकान आहे. वर्ष पूर्ण झालं तेव्हा मीही असं पत्र काढलं होतं आणि त्यात एक चूक झाली, ती आधी सांगतो. वर मनापासून आभार लिहिले आणि खाली छापलं, 'अमुक रकमेच्या खरेदीवर भेट मोफत'. दर महिन्याला नातीसाठी वह्या नेणाऱ्या एक आजी ते पत्र घेऊन आल्या. त्या दिवशी त्यांना फक्त एक खोडरबर हवं होतं. मी अट सांगितल्यावर त्यांनी पत्राची घडी घातली, पर्समध्ये ठेवलं आणि म्हणाल्या, "असू द्या, मला वाटलं तुम्ही सहजच देताय." वर्षभर आलेल्या माणसाला मी पुन्हा खरेदी करायला सांगत होतो, हे तेव्हा कळलं. उरलेल्या पत्रांवरची ती ओळ मी पेनाने खोडली.

म्हणून भेट बिनशर्त ठेवा. पत्र दाखवलं की वस्तू हातात, काही घ्या किंवा घेऊ नका. सूट देण्यापेक्षा हे तुम्हालाही सोपं जातं. १०० ला विकलेल्या मालात तुमचे ३० सुटत असतील, तर १० टक्के सूट दिल्यावर नफ्याचा तिसरा हिस्सा जातो, आणि कोण किती मोठी खरेदी करेल ते आधी कळत नाही. वस्तू द्यायची असेल तर खर्चाची कमाल मर्यादा पहिल्या दिवशीच ठरते: जितकी पत्रं, तितक्या वस्तू. १५० पत्रं काढलीत तर १५० नग आधी बाजूला काढून ठेवा आणि मगच पत्रं वाटा. मग 'साठा असेपर्यंत' लिहायची वेळ येत नाही. वस्तू तुमच्या रोजच्या मालातलीच निवडा आणि तिच्यावर वर्धापनदिन वगैरे काही छापू नका. सगळेजण येत नाहीत, उरलेले नग परत फळीवर लावता येतात.

आता मजकूर. 'आपल्या अमूल्य सहकार्याबद्दल ऋणी आहोत' हे वाक्य कुठल्याही दुकानाच्या पत्रात बसतं, म्हणून वाचणारा ते ओलांडून पुढे जातो. त्याऐवजी ग्राहकांमुळे दुकानात खरंच बदललेली एक गोष्ट शोधा. माझ्याकडे सुरुवातीला पेनं भरपूर होती, पण रिफिली मोजक्याच. लोक जुनं पेन घेऊन यायचे, "याची कांडी मिळेल का?" म्हणून विचारायचे आणि रिकाम्या हाताने जायचे. पत्र मी त्याच्यावरच बेतलं, फक्त अटीची ती ओळ इथे सुधारून देतो:

"सप्रेम नमस्कार,
येत्या १२ तारखेला आपल्या दुकानाला एक वर्ष होईल. पहिल्या महिन्यात तुमच्यापैकी अनेकांनी पेनाच्या रिफिली मागितल्या आणि माझ्याकडे त्या नव्हत्या. आज काउंटरमागचा एक अख्खा खण रिफिलींचा आहे, तो तुमच्या विचारण्यामुळे. वर्षभर येत राहिलात, नसलेलं मागत राहिलात, त्याबद्दल मनापासून आभार.
तुमच्यासाठी एक छोटी खिशातली वही ठेवली आहे. हे पत्र घेऊन ३० तारखेपर्यंत कधीही या. खरेदीची अट नाही.
आपला,"

यात नव्या मालाची यादी नाही, 'मित्रांनाही सांगा' नाही. तो मोह मलाही झाला होता. पण आभारानंतर दुसरं काही मागितलं की वरचं सगळं त्याची प्रस्तावना वाटायला लागतं. नवा माल आला असेल तर त्याची पाटी दुकानात लावा.

मुदत नेहमी तारखेनेच लिहा. '१५ दिवसांत' लिहिलं तर कोणाला पत्र आज मिळतं, कोणाला आठवड्याने, आणि काउंटरवर वाद होतो. मुदतीनंतर दोन-चार दिवसांनी कोणी आलं तर देऊन टाका, नग शिल्लक असतातच.

सही छापू नका, प्रत्येक पत्रावर हाताने करा. १५० सह्या दोन संध्याकाळी होतात. ज्यांची नावं पक्की माहीत आहेत त्यांची वर लिहा. शंका असेल तिथे नुसता नमस्कार चालतो, चुकीचं नाव मात्र फार बोचतं.

दुकानात मदतनीस असेल तर पत्रं वाटायच्या आधी त्याला पत्र वाचायला द्या आणि वह्या कुठे ठेवल्यात ते दाखवा. नाहीतर तुम्ही जेवायला गेलेले असताना कोणी पत्र घेऊन येतं आणि "मालकांना विचारावं लागेल" ऐकून परत जातं. पत्र परत घेऊ नका. कोपऱ्यावर छोटी खूण करा आणि त्यांचं त्यांना द्या. काहीजण ते जपून ठेवतात. त्या आजींनी ठेवलंय, अटीच्या त्या ओळीसकट.