एलसी केली म्हणजे माल सुरक्षित, हे डोक्यातून काढा

प्रश्न: पहिल्यांदाच चीनहून माल मागवतोय, साधारण १८ हजार डॉलरचा. सप्लायर ३० टक्के ॲडव्हान्स मागतोय, बँकवाले म्हणतात एलसी करा, मित्र म्हणतो ओपन अकाउंट माग. पैसे बुडायचा धोका कशात कमी?

उत्तर:

बँकवाले एलसी करा म्हणतातच. एलसी म्हणजे ठरलेले कागद हाती आले की सप्लायरला पैसे देण्याची बँकेची हमी. आमच्याकडे हाच सल्ला भाऊजींनी, म्हणजे माझ्या थोरल्या दिरांनी, उचलून धरला होता आणि त्यावरून घरात झालेला वाद अजून मिटलेला नाही. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आम्ही सोलर वॉटर हीटर जोडून विकतो. त्यातल्या काचेच्या व्हॅक्यूम ट्यूब चीनहून येतात. नवा सप्लायर होता, एका कंटेनरचे २२ हजार डॉलर. मी म्हटलं, थोडा ॲडव्हान्स देऊ, माल भरायच्या आधी तिथेच कुणाकडून तरी तपासून घेऊ, मग उरलेले पैसे देऊ. भाऊजींचं म्हणणं, "तपासणीवर कशाला खर्च? बँक मध्ये आहे ना." एफडी मार्जिन म्हणून ठेवली आणि ॲट साइट, म्हणजे कागद जुळले की लगेच पैसे, अशी एलसी उघडली. कागदपत्रं काय मागितली? इन्व्हॉइस, पॅकिंग लिस्ट, बिल ऑफ लेडिंग म्हणजे माल चढवल्याची शिपिंग लाइनची पावती, तिचा पूर्ण संच आणि सर्टिफिकेट ऑफ ओरिजिन. यातला एकही कागद पेटी उघडून बघणाऱ्या माणसाने दिलेला नसतो. बिल ऑफ लेडिंग 'क्लीन' असतं, पण सीलबंद कंटेनर शिपिंग लाइन बाहेरूनच बघते. आत काय आहे ते शिपर सांगेल ते, असं त्यावर लिहिलेलंच असतं, आणि तसं लिहिलेलं असूनही बँकेला ते चालतं.

कागद जहाजाच्या आधी आले. बँकेला ते तपासायला पाच बँकिंग दिवस असतात. स्पेलिंग, तारखा, रक्कम सगळं जुळलं, पैसे गेले. त्यानंतर न्हावाशेवाहून कंटेनर आमच्या शेडमध्ये आला.

चांगल्या ट्यूबच्या बुडाशी आरशासारखा चंदेरी डाग असतो. तो बेरियमचा थर. आतली निर्वात पोकळी गेली की हाच थर पांढरा, दुधी पडतो. ओळखायला कुठलंही यंत्र लागत नाही, ट्यूब उलटी धरायची आणि बघायचं. आम्ही पेट्या उघडत गेलो आणि पांढरी बुडं निघत गेली. पेट्या दबलेल्या नव्हत्या, काच फुटलेली नव्हती, म्हणजे वाटेतल्या आदळआपटीवर ढकलायलाही जागा नाही. सीलिंगच कच्चं होतं. अशी ट्यूब बसवली तर पाणी कोमट होतं आणि गिऱ्हाईक आठवड्यात दारात येतं.

बँकेत गेलो. मॅनेजरनी शांतपणे यूसीपी ६०० दाखवला. एलसी जगभर याच नियमांवर चालते, २००७ पासून हीच आवृत्ती लागू आहे. त्यात स्पष्ट लिहिलंय की बँक कागदांचा व्यवहार करते, मालाचा नाही, आणि एलसी हा खरेदीच्या करारापासून वेगळा व्यवहार आहे. कोर्टातून पेमेंट थांबवता येतं, पण फसवणूक उघड असेल तर, आणि तेही पैसे जाण्याआधी. न्यूयॉर्कमध्ये १९४१ साली असं झालं होतं. भारतातल्या एका विक्रेत्याने ब्रशसाठी लागणाऱ्या राठ केसांऐवजी गाईचे केस आणि कचरा पाठवला होता. आमच्या ट्यूब हलक्या होत्या, पण ट्यूबच होत्या. तिथे तो न्याय लागू पडत नाही. सप्लायरने पुढच्या ऑर्डरवर पाच टक्के सूट देऊ केली. मी ती घेऊ दिली नाही.

भाऊजी आजही म्हणतात, "एलसी होती म्हणून निदान माल आला तरी." हे अर्धंच खरं आहे. एलसी एकाच गोष्टीपासून वाचवते: माल जहाजावर न चढवता पैसे घेऊन पळणाऱ्यापासून. मालाचा दर्जा राखायचा असेल तर एलसीत तिऱ्हाईत तपासणी कंपनीचं इन्स्पेक्शन सर्टिफिकेट मागा. कंपनीचं नाव घाला आणि तारीख बिल ऑफ लेडिंगच्या आधीची हवी असंही लिहा. हा कागद नसेल तर बँक पेमेंट नाकारू शकते. आमच्या एलसीत ही एक ओळ असती तर पांढरी बुडं तिकडेच सापडली असती. चीनमध्ये एका दिवसाची तपासणी साधारण दोन-तीनशे डॉलरला होते. नेमकं काय तपासायचं ते मात्र तुम्हीच लिहून द्यायचं, नाहीतर तो माणूस पेट्या मोजून येतो.

आता ॲडव्हान्स. १८ हजारांसाठी एलसीचे चार्जेस, दुरुस्त्या आणि अडकलेली एफडी परवडत नाही, आणि छोटे चिनी सप्लायर एलसी म्हटलं की भाव वाढवतात. ३० टक्के मागतोय ते अवाजवी नाही. माल आपल्या बंदरात आला आणि तुम्ही पाठ फिरवली, तर तुमच्या एनओसीशिवाय त्याला तो परत नेणं महाकठीण असतं. ३० टक्के ही त्याची त्या धोक्याची तजवीज असते. भांडायचं ते उरलेल्या ७० टक्क्यांवर. 'बीएलची, म्हणजे बिल ऑफ लेडिंगची, कॉपी बघून ७०' यात तुम्ही पैसे देता तेव्हा माल समुद्रात असतो. 'तपासणीचा रिपोर्ट पास झाल्यावर लोडिंग, आणि बीएलची कॉपी बघून पैसे' असं पीआयमध्ये, म्हणजे ऑर्डरआधीच्या प्रोफॉर्मा इन्व्हॉइसमध्ये, लिहून घ्या. पैसे मिळाल्यावर तो ओरिजिनल बीएल पाठवेल किंवा टेलेक्स रिलीज देईल, म्हणजे ओरिजिनल कागदाशिवाय माल सोडायला शिपिंग लाइनला कळवेल.

ॲडव्हान्स बुडाला तर दुखणं पैशांपुरतं राहत नाही. बिल ऑफ एंट्री, म्हणजे माल आल्याचा कस्टमचा कागद, न आल्यामुळे आयातीच्या पैशांचा हिशेब ठेवणाऱ्या आयडीपीएमएसमध्ये बँकेकडे ती नोंद उघडी राहते आणि पुढच्या रेमिटन्सला बँक प्रश्न विचारत बसते.

ओपन अकाउंट नव्या माणसाला मिळत नाही, मित्राला सांगा. काही व्यवहार नीट झाल्यावर मागा. तेव्हा सप्लायर तिकडे सिनोशुअर या चीनच्या सरकारी निर्यात विमा कंपनीचा विमा काढून तुम्हाला ६० दिवस देऊ शकतो. माल हातात, पैसे नंतर, त्यामुळे आयातदाराला सगळ्यात सोयीचं हेच. फक्त त्या ६० दिवसांत डॉलर चढला तर फटका तुमचा.

एक सांगायचं राहिलं. मोठं मशीन, मोठी रक्कम आणि अनोळखी सप्लायर असेल तर एलसीच करा, पण वरच्या सर्टिफिकेटसकट. आणि "आमचं बँक अकाउंट बदललंय" असा मेल आला तर पैसे पाठवू नका. आधीपासून माहीत असलेल्या नंबरवर व्हिडिओ कॉल करून विचारा. खात्याचं नाव इन्व्हॉइसवरच्या कंपनीशी अक्षरशः जुळलं पाहिजे, कुणा व्यक्तीच्या नावावर पाठवायचे नाहीत.

तुमच्या सप्लायरला आजच मेल टाका की लोडिंगआधी आमचा माणूस तपासायला येईल. तो हो म्हणाला तर ३० टक्के पाठवा. नाही म्हणाला तर एक डॉलरही पाठवू नका, मग बँक मध्ये असो वा नसो.