सरांना तोच मेल दोनदा गेला, आता पुढचे मेल कसे पाठवू?

*"मी एमएस्सी ऑरगॅनिक केमिस्ट्री पहिल्या वर्षाला आहे, कोल्हापूर. उन्हाळ्यात दोन महिने प्रोजेक्ट हवाय म्हणून जानेवारीपासून पुणे-मुंबईच्या प्रोफेसरांना मेल टाकतेय, चाळीसेक झाले असतील. परवा एका सरांचं उत्तर आलं की तुम्ही मला आधीच लिहिलं होतं, मी उत्तरही दिलं होतं. मला आठवतही नव्हतं. फार लाज वाटली. आता कोणाला फॉलोअप करायचा, कोणाला नाही, काहीच कळत नाहीये. मैत्रीण म्हणते एक्सेल कर, पण त्यात नक्की काय लिहू?"*

आधी त्या सरांचं बघू. त्यांच्या त्याच मेलला रिप्लाय कर, दोनच ओळी, की माझ्याकडून चुकून दुसऱ्यांदा गेला, क्षमस्व, तुमचं पहिलं उत्तर वाचलं आहे. परत सीव्ही जोडू नकोस आणि कारणं देत बसू नकोस. आणि हे पाठवण्याआधी त्यांचं पहिलं उत्तर शोधून वाच, कारण ते तू वाचलेलंच नाहीस असं मला वाटतंय. स्पॅममध्ये किंवा जीमेलच्या दुसऱ्या टॅबमध्ये पडलं असेल. त्यात "मार्चमध्ये कळवा" असं असेल तर तू एक चांगला माणूस हातातून घालवत होतीस.

आता शीट. मैत्रिणीचं बरोबर आहे, पण गुगल शीट कर, फोनवरही उघडते. पहिला नियम, जो बहुतेक जण उलटा करतात: एक ओळ म्हणजे एक माणूस, एक मेल नाही. जे लोक मेल पाठवला की खाली नवीन ओळ टाकतात त्यांच्या शीटमध्ये तेच सर चौथ्या ओळीत पण असतात आणि एकतिसाव्या ओळीत पण, आणि तिथेच तुझ्यासारखा घोळ होतो. सरांना दुसऱ्यांदा लिहिलंस, फोन केलास, लिंक्डइनवर मेसेज टाकलास, सगळं त्यांच्याच ओळीत उजवीकडे जायला पाहिजे.

कॉलम फार नकोत. A मध्ये नाव, B मध्ये संस्था आणि विभाग, C मध्ये मेल आयडी, D मध्ये कोणामार्फत, E मध्ये पहिल्या मेलची तारीख, F मध्ये फॉलोअपची तारीख, G मध्ये पुढची तारीख, H मध्ये स्थिती, I मध्ये त्यांचं उत्तर. वीस कॉलमची सुंदर शीट मुलं तीन दिवस भरतात आणि सोडून देतात, हे मी दरवर्षी बघतो.

"कोणामार्फत" हा कॉलम मुलांना फालतू वाटतो पण दोनदा संपर्क होण्याचं निम्मं कारण तिथे असतं. तुमच्या एचओडी मॅडमनी एनसीएलमधल्या ओळखीच्या सरांना तुझ्याबद्दल फोन केला आणि तू त्याच सरांना अनोळखी असल्यासारखा "आदरणीय सर, मी आपले संशोधन वाचले" मेल टाकलास, तर मॅडमची पण पंचाईत आणि तुझी पण. तेव्हा कोणी "मी बोलते त्यांच्याशी" म्हणालं की त्याच दिवशी ओळ तयार, D मध्ये मॅडमचं नाव, आणि मॅडमना विचारल्याशिवाय मेल नाही. वर्गातल्या मैत्रिणींशी पण बोलून घे, एकाच वर्गातून एकाच सरांना एकाच आठवड्यात एकाच ड्राफ्टचे तीन मेल गेले की ते तिन्ही एकत्रच डिलीट होतात.

जुनं कसं भरायचं? आठवून नाही. जीमेलच्या सर्चमध्ये हे टाक, जानेवारीपासून पाठवलेलं सगळं समोर येईल:

```
in:sent after:2026/01/01
```

वरून खाली एकेक ओळ भरत जा, तास-दीड तास जाईल. मग A2 पासून I500 पर्यंत सिलेक्ट करून Format मध्ये Conditional formatting उघड आणि Custom formula मध्ये हे टाक, एकच आयडी दोनदा आला की दोन्ही ओळी रंगतील:

```
=COUNTIF($C$2:$C$500,$C2)>1
```

मोठं-लहान अक्षर याला चालतं, पण कॉपी-पेस्ट करताना आयडीच्या शेवटी स्पेस आली तर ते दोन वेगळे आयडी समजतं आणि रंग येत नाही. आणि काही प्रोफेसरांचे दोन आयडी असतात, एक संस्थेचा, एक जीमेलचा, ते तर हे पकडणारच नाही. म्हणून नवीन माणूस टाकण्याआधी आडनाव शीटमध्ये सर्च करून बघायची सवय लाव, फॉर्म्युल्याच्या भरवशावर राहू नकोस.

आता तारखांचं, कारण तुझा खरा प्रश्न तो आहे. मी सांगतो ते असं, पहिल्या मेलनंतर कामाचे 8 दिवस थांबायचं, मग एकच फॉलोअप, तोही जुन्याच मेलला रिप्लाय करून म्हणजे आधीचा मजकूर खाली दिसतो, मग परत 8 दिवस, आणि तरी उत्तर नाही तर ओळ बंद. तिसरा मेल नाही. काही जण तीन-चार फॉलोअप करायला सांगतात, ते सेल्सवाल्यांना ठीक आहे, पण दोन महिन्यांच्या प्रोजेक्टसाठी एखाद्या प्रोफेसरांच्या मागे लागायचं नसतं, पुढे पीएचडीला त्यांच्याचकडे जावं लागू शकतं. G मध्ये हे टाक:

```
=IF(E2="","",WORKDAY(MAX(E2:F2),8,$K$2:$K$20))
```

E आणि F मधली जी नंतरची तारीख असेल तिच्यापुढे हा 8 दिवस मोजतो, शनिवार-रविवार सोडून, आणि K कॉलममध्ये तू लिहिलेल्या सुट्ट्या सोडून. F रिकामा असेल तर G म्हणजे फॉलोअपचा दिवस, F भरला की G म्हणजे ओळ बंद करायचा दिवस. उदाहरण बघ. आयसरच्या एका सरांना तू शुक्रवारी 16 जानेवारीला मेल केलास. K रिकामा असेल तर तारीख येते बुधवार 28 जानेवारी. पण मधे सोमवारी 26 जानेवारी आहे, ती K मध्ये लिहिली की येते गुरुवार 29. एका दिवसाचा फरक आहे, पण होळी-पाडव्याच्या दिवसांत हाच फरक वाढतो, सर गावाला असतात आणि तुझा फॉलोअप शंभर मेलांच्या खाली जातो. G मध्ये तारखेऐवजी 46051 असला आकडा दिसला तर घाबरू नकोस, तीच तारीख आहे, Format मधून Date कर.

एक गोष्ट नक्की तपास. File, मग Settings, मग Locale मध्ये India आहे का बघ. United States असेल तर तू 5/2/2026 लिहिलेलं 2 मे होतं आणि 22/1/2026 ही तारीखच राहत नाही, नुसता मजकूर होतो. ओळखायचं कसं, तर खरी तारीख सेलमध्ये उजवीकडे चिकटते आणि मजकूर डावीकडे. Locale नंतर बदललंस तरी आधी चुकलेल्या तारखा आपोआप सुधरत नाहीत, त्या हाताने परत लिहायच्या.

G मधला फॉर्म्युला म्हणजे देववाणी नाही, त्यावर बिनधास्त दुसरी तारीख टाईप करायची. कोणी म्हणालं 10 मार्चनंतर लिहा, तर G मध्ये 11 मार्च. "रजेवर आहे, 20 तारखेला परत" असा ऑटो रिप्लाय आला तर ते उत्तर नव्हे, पण तारीख सरकव, परत आल्यावर दोन-तीन दिवस त्यांना श्वास घेऊ दे. आणि Mail Delivery Subsystem कडून मेल परत आला तर त्या माणसाला तू लिहिलेलंच नाहीस, E रिकामा कर आणि संस्थेच्या वेबसाईटवरून आयडी परत तपासून घे. अशा परत आलेल्या मेलवर पंधरा दिवस उत्तराची वाट बघत बसलेली मुलं मला माहितीयत.

स्थितीसाठी पाचच शब्द ठेव: पाठवायचं, वाट, बोलणं चालू, नाही, बंद. ड्रॉपडाऊन करून टाक म्हणजे कधी "वाट", कधी "वेटिंग" असं होणार नाही आणि फिल्टर नीट चालेल. उत्तराच्या कॉलममध्ये मात्र त्यांचे शब्द जसेच्या तसे कॉपी कर. "नाही म्हणाले" असं लिहिलंस तर सगळे नकार सारखेच दिसतात, पण "या उन्हाळ्यात ग्रुप भरलाय, डिसेंबरमध्ये लिहा" हा नकार नाहीये, ती तुझ्या पुढच्या वर्षीच्या डिझर्टेशनची तारीख आहे. "आम्ही फक्त फॉर्ममधूनच घेतो" असं आलं तर मेल थांबव आणि फॉर्म शोध. टीआयएफआरचा व्हीएसआरपी किंवा तिन्ही सायन्स अकॅडमींची समर फेलोशिप यांना फॉर्मच भरावा लागतो, तिथे प्रोफेसरांना कितीही फॉलोअप केलास तरी उपयोग शून्य.

B कॉलमवर फिल्टर लावून अजून एक बघायचं. एकाच विभागात "वाट" स्थितीत एकावेळी एकच माणूस. एका कॉरिडॉरमधले लोक चहाला एकत्र असतात, आणि "तुमचंच संशोधन मला सर्वात भावलं" हा मेल तिघांच्या मोबाईलवर निघाला की विषय संपला. पहिली ओळ बंद झाली की दुसऱ्या सरांना लिही. याने वेग कमी होतो हे मान्य, म्हणून विभाग जास्त घे, एनसीएल, आयसर, आयसीटी, तुमच्याच शिवाजी विद्यापीठातले पण, आणि आठवड्याला पाच-सहा नवे मेल बास झाले.

शेड्यूल सेंडची एक गंमत सांगतो. रात्री बसून उद्या सकाळी 9 चा फॉलोअप लावून ठेवलास आणि सरांचं उत्तर रात्री 11 ला आलं, तर सकाळी तुझा "आपल्या उत्तराची वाट पाहत आहे" जातोच, जीमेल तो अडवत नाही. म्हणून फॉलोअप शेड्यूल करूच नकोस. सकाळी शीट उघड, G ची तारीख आजची किंवा मागची आणि स्थिती "वाट" असलेल्या ओळी बघ, प्रत्येकाचा आयडी जीमेलमध्ये सर्च करून काही आलंय का बघ, स्पॅमसकट, आणि मगच पाठव. पाठवल्या पाठवल्या F भर, संध्याकाळी भरते म्हणालीस की संपलं.

शीटची लिंक कोणाला देताना Anyone with the link करू नकोस, त्यात लोकांची उत्तरं आहेत.

आणि एखाद्या ठिकाणी होकार आला, तारखा ठरल्या, की त्याच दिवशी H वर फिल्टर लाव. "बोलणं चालू" वाल्या सगळ्यांना दोन ओळींचा मेल, की माझं दुसरीकडे ठरलं, आपण वेळ दिलात त्याबद्दल आभार. "वाट" वाल्यांना काही लिहायचं नाही, नुसतं बंद करायचं. त्यातल्या कोणाचं नंतर उत्तर आलंच तर तेव्हा कळव, आणि त्यांचं वाक्य I मध्ये टाकून ठेव.