प्रोफाइलमध्ये स्टॅकची यादी नको, काम लिही

«ताई, मी पुण्यात एका सर्व्हिस कंपनीत सहा वर्षं जावा डेव्हलपर आहे. जर्मनीला यायचं ठरवलंय. प्रोफाइलमध्ये जावा, स्प्रिंग बूट, मायक्रोसर्व्हिसेस, काफ्का, डॉकर सगळं लिहिलंय, तरी कुठूनच उत्तर येत नाही. प्रोजेक्ट क्लायंटचा, त्याचं नाव सांगता येत नाही. मग लिहू तरी काय?»

आमच्या टीममध्ये जागा निघाली की आलेले अर्ज मी आणि एक सहकारी मिळून वाचतो. तू दिलीस तशी यादी त्यातल्या बऱ्याच अर्जांत असते. ती खोटी असते असं नाही, पण «काफ्का» वाचून मला एवढंच कळतं की तुझ्या प्रोजेक्टमध्ये कुठेतरी काफ्का होतं. तू त्यात फक्त मेसेज टाकत होतास, कंझ्युमर मागे पडला की कारण शोधत होतास, की अख्खा क्लस्टर सांभाळत होतास? ही तीन निराळी कामं आहेत आणि आम्हाला सहसा त्यातलं एकच हवं असतं. यादीतून ते कळत नाही, म्हणून पुढचा अर्ज उघडला जातो.

तेव्हा यादी बाजूला ठेव आणि तू स्वतः केलेलं एक काम धर. ते कसं उलगडायचं हे माझ्याच कामावरून सांगते, कारण पुण्यात असताना मीही आधी «पेमेंट मॉड्यूलची जबाबदारी सांभाळली» एवढंच लिहिलं होतं.

प्रत्यक्षात झालं होतं असं. एका बँकेसाठी रात्री एक बॅच जॉब चालायचा. दिवसभराचे कार्डाचे व्यवहार आणि कार्ड नेटवर्ककडून आलेली फाइल यांचं रिकन्सिलिएशन तो करायचा. नोंदी रोज साधारण 4 लाख. वेळ साडेपाच तास, त्यामुळे सकाळी ऑपरेशन्सची माणसं आली तरी अहवाल तयार नसायचा. लॉग पाहिल्यावर कळलं की प्रत्येक नोंदीसाठी डेटाबेसला एक वेगळी क्वेरी जात होती. एका फेरीला 40 मिलिसेकंद धर. 4 लाख फेऱ्यांचे 16,000 सेकंद होतात, म्हणजे साडेचार तासांच्या आसपास नुसतं जाणंयेणं. मी ते वाचन हजार-हजार नोंदींच्या गटांनी करून घेतलं, म्हणजे 400 क्वेऱ्या. जॉब 40 मिनिटांवर आला.

हेच प्रोफाइलमध्ये आलं तेव्हा त्याचा अर्थ असा होता (इंग्रजी तू तुझ्या शब्दांत लिही):

«एका बँकेच्या कार्ड व्यवहारांचं रात्रीचं रिकन्सिलिएशन, रोज सुमारे 4 लाख नोंदी. जावा 8, स्प्रिंग बॅच आणि ओरॅकल. प्रत्येक नोंदीची वेगळी क्वेरी काढून गटाने वाचन आणलं, वेळ साडेपाच तासांवरून 40 मिनिटांवर. सात जणांची टीम. वाचनाचा भाग आणि त्याच्या चाचण्या माझ्या.»

बँकेचं नाव यात कुठेच नाही आणि ते नसल्याने काही अडलंही नाही. क्लायंट कोणत्या प्रकारचा, काम किती मोठं आणि अडचण काय होती, एवढं वाचणाऱ्याला पुरतं. नेमका आकडाही गोपनीय असेल तर तो गोल कर किंवा फक्त प्रमाण दे. स्टॅक त्याच वाक्यात आला आहे, त्यामुळे ओरॅकल मला कशासाठी येतं हे वेगळं सांगावं लागत नाही.

शेवटचं वाक्य गाळू नकोस. आपल्याकडे कामाचं बोलताना «आम्ही केलं» म्हणायची सवय असते आणि ती चांगली आहे, पण इथे मुलाखतीत पहिलाच प्रश्न येतो की यातलं तुझं किती. आमच्या जॉबमधले जुळणीचे नियम दुसऱ्या सहकाऱ्याने लिहिले होते. ते मी माझ्या नावावर घेतले असते तर दुसऱ्या प्रश्नालाच अडकले असते.

आकड्यांचंही तसंच आहे. «परफॉर्मन्स 80 टक्क्यांनी सुधारला» असं वाचलं की मी विचारते: कशाचा, किती पासून किती पर्यंत, कुठे मोजला? टक्केवारी लिहायचीच तर आधीचा आणि नंतरचा आकडा दोन्ही दे. मला मुलाखतीत विचारलं होतं की गट हजारचाच का. तेव्हाच्या ओरॅकलमध्ये `IN` च्या यादीत हजारांहून जास्त किमती दिल्या की `ORA-01795` यायचा, हे खरं कारण होतं. ते सांगितल्यावर पुढचा अर्धा तास आम्ही त्याच जॉबवर बोललो. तुझी प्रत्येक ओळ अशीच तपास. तिच्यावर दहा मिनिटं बोलता येईल का? टीममधल्या शेजारच्याने ती आपल्या प्रोफाइलमध्ये चिकटवली तर चालून जाईल का? चालत असेल तर ती अजून तुझी झालेली नाही.

तू म्हणशील की माझं काम मेंटेनन्सचं, त्यात असे आकडे कुठले. मायग्रेशनमध्ये परिणाम म्हणजे काही न बिघडणं, आणि तेही लिहिता येतं. समजा तू काही सर्व्हिसेस जावा 8 वरून 17 वर आणि स्प्रिंग बूट 3 वर नेल्यास. मग किती सर्व्हिसेस, `javax` ची पॅकेजेस `jakarta` वर नेताना कोणती लायब्ररी अडली, तिचं काय केलंस, आणि ग्राहकाची सेवा बंद न ठेवता ते कसं लाइव्ह नेलंस, एवढं लिही. ज्यांच्याकडे जुनी प्रणाली आहे त्यांना हा माणूस लगेच ओळखू येतो.

स्टॅकची यादी अगदी काढून टाकू नकोस, कारण रिक्रूटर शब्द टाकूनच शोधतात. ती शेवटी, दोन ओळींत ठेव: रोज वापरतोस ते एकीकडे, काम भागवण्यापुरतं येतं ते दुसरीकडे. कोर्समध्ये नुसतं पाहिलेलं वगळ.

आता आपल्या ऑफिसातले काही शब्द. «लाख» आणि «कोटी» इथे कोणाला कळत नाहीत; इंग्रजीत 400,000 लिही, स्वल्पविराम तीन आकड्यांनी. जर्मन मजकुरात तिथे टिंब येतं, म्हणून दोन भाषांत प्रोफाइल ठेवलंस तर हे जपून बघ. «पास्ड आउट 2018» म्हणजे बाहेरच्या वाचकाला शुद्ध हरपली असं वाटतं. पदवी मिळाल्याचं वर्ष सरळ दे. «ऑनसाइट» म्हणजे आपल्याला क्लायंटच्या देशात असं म्हणायचं असतं, इथल्या जाहिरातीत त्याचा अर्थ ऑफिसात येऊन काम करणं. कंपनीतलं पद, म्हणजे असोसिएट किंवा सिस्टिम्स इंजिनिअर, इथे काहीच सांगत नाही; ते बदलू नकोस, पण पुढे «बॅकएंड डेव्हलपर, जावा» असं जोड.

आणि एक गोष्ट राजीनामा द्यायच्या आधी कर, कारण नोटीस दिल्यावर डॅशबोर्ड आणि लॉगचा ॲक्सेस कधी काढतील ते तुझ्या हातात नसतं. कंपनीची एकही फाइल किंवा स्क्रीनशॉट बाहेर नेऊ नकोस. पण जॉबला किती वेळ लागायचा, नोंदी किती, टीम किती जणांची, हे तपासून घे, म्हणजे इथे मुलाखतीला बसशील तेव्हा आकडे आठवणीतून ओढून काढावे लागणार नाहीत. मग तुझ्या त्या क्लायंटच्या प्रोजेक्टवर चार वाक्यं लिही आणि मला पाठव. मी वाचून कुठे अडते ते सांगेन.