व्हे प्रोटीनच्या लिस्टिंगमध्ये काय लिहू, काय टाळू?

प्रश्न: ऑनलाइन व्हे प्रोटीन विकायला टाकतोय, माहितीत नक्की काय लिहायचं?

आधी सर्व्हिंग साइज, आणि नुसतं "1 स्कूप" नको, ग्रॅममध्ये. समजा स्कूप 33 ग्रॅमचा आणि त्यात प्रोटीन 24 ग्रॅम, तर तसंच लिहा, म्हणजे 1 किलोच्या डब्यात साधारण 30 सर्व्हिंग हे गिऱ्हाइकाला लगेच कळतं. बरेच जण "73% प्रोटीन" एवढंच मोठ्ठं टाकतात, मग लोक विचारत बसतात की एका ग्लासात किती जातं.

घटक डब्यावरच्याच क्रमाने उतरवा, जे वजनाने जास्त ते आधी. दूध आणि सोया (लेसिथिन सोयाचं असेल तर) ॲलर्जीसाठी वेगळं सांगा.

एक्सपायरी बॅचप्रमाणे बदलते, त्यामुळे जुना फोटो चालवू नका, नवा माल आला की तारीख बदला. एफएसएसएआयच्या नियमाप्रमाणे डिलिव्हरीच्या वेळी 30% शेल्फ लाइफ किंवा 45 दिवस तरी उरलेले हवेत.

"15 दिवसांत 5 किलो वजन", "शुगर बरी होते" असलं काही नको, दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला 10 लाखांपर्यंत दंड आहे. "रोजच्या आहारातल्या प्रोटीनला जोड" एवढं पुरे. आणि हो, डब्यावरचं "औषधी वापरासाठी नाही" लिस्टिंगमध्येही टाका.