१/३ कप म्हणजे किती चमचे?

प्रश्न: केकच्या कृतीत १/३ कप तेल आणि २/३ कप साखर दिली आहे. माझ्याकडे मापाचे कप नाहीत, फक्त टेबलस्पून आणि टीस्पून आहेत. १६ टेबलस्पूनचा एक कप एवढं ठाऊक आहे, पण १६ ला ३ ने भाग जात नाही. मग नक्की किती चमचे घालू?

उत्तर:

१/३ कप म्हणजे ५ टेबलस्पून आणि वर १ टीस्पून. २/३ कप म्हणजे १० टेबलस्पून आणि वर २ टीस्पून. केक आत्ताच करायचा असेल तर एवढ्यावर कामाला लागा, बाकीचं सावकाश वाचा.

भाग जात नाही हे तुमचं बरोबर आहे, पण तो टेबलस्पूनमध्ये जात नाही. मोठी नोट मोडून सुटे करतो तसे कपाचे टीस्पून करा. एका टेबलस्पूनमध्ये ३ टीस्पून, म्हणून कपात १६ त्रिक ४८. आता ४८ चे तीन सरळ वाटे पडतात, प्रत्येकी १६ टीस्पूनचे. त्या सोळातल्या पंधरांचे ५ टेबलस्पून झाले आणि एक सुटा उरला, तोच तो वरचा १ टीस्पून. हे एकदा डोक्यात बसलं की पाठ करायला काही उरत नाही. उद्या कृती निम्मी करायची झाली तर १६ चे ८ टीस्पून, म्हणजे २ टेबलस्पून आणि २ टीस्पून, हे तुमचं तुम्हीच काढाल.

आपल्या बोलण्यात पाव, अर्धा, पाऊण हे सगळे चौथ्या हिश्शाचे शब्द आहेत. तिसऱ्या हिश्शाला तसा सुटसुटीत शब्द नाही, त्यामुळे हात आपोआप १/३ च्या जागी पाव कप आणि २/३ च्या जागी पाऊण कप मोजतो. दोन्हीकडे चूक नेमकी ४ टीस्पूनची होते, फक्त उलट्या दिशांनी. पाव कपात १२ टीस्पून, म्हणजे हव्या असलेल्या सोळातले चार कमी. तेल असं पाव हिश्शाने घटलं तर केक कोरडा पडायला वेळ लागत नाही. पाऊण कपात ३६, म्हणजे बत्तिसाच्या वर चार जास्त. साखर एवढी वाढली तर केक गोड होतोच, शिवाय वरून लवकर लाल होतो, मधे मऊ राहून खचू शकतो. त्यामानाने कुणी 'साधारण साडेपाच टेबलस्पून' घातले तर फरक फक्त अर्ध्या टीस्पूनचा आहे. त्याची चिंता करू नका.

खरा घोटाळा हिशोबात नसून चमच्यात असतो. जेवणाच्या किंवा वाढायच्या चमच्याला आपण सहज टेबलस्पून म्हणतो, पण त्याचं माप ठरलेलं नसतं. मापाचा टेबलस्पून १५ मिलीचा आणि टीस्पून ५ मिलीचा. मात्र ऑस्ट्रेलियन मापाचा टेबलस्पून २० मिलीचा असतो. माझ्याकडे असाच एक एकटा चमचा होता, दांड्यावरचा आकडा घासून गेलेला. त्याने मी इमानदारीत ५ अधिक १ मोजून तेल घातलं. ८० मिलीच्या जागी १०५ मिली पडलं आणि केकखालचा कागद तेलाने पारदर्शक झाला. दोष मी आठवडाभर ओव्हनला देत होते.

तपासणी सोपी आहे. टेबलस्पून रिकामा धरा आणि टीस्पूनने पाणी ओता. तिसऱ्याला काठोकाठ भरला तर १५ मिलीचा. चौथाही मावला तर २० मिलीचा, आणि मग उलट तुमची मजाच आहे: सोळाला चाराने भाग जातो, म्हणून १/३ कपाला ४ चमचे सपाट, २/३ कपाला ८, टीस्पूनला हातही लावायला नको. अडीच किंवा साडेतीन असं काही आलं तर तो मापाचा चमचा नाही. तो बाजूला ठेवा आणि सगळं टीस्पूननेच मोजा, १६ आणि ३२. कंटाळवाणं आहे, पण चुकत नाही. अर्थात टीस्पून तरी मापाचा हवा. वजनकाटा असेल तर एक टीस्पून पाणी ५ ग्रॅम भरलं पाहिजे. काटा हलका असेल तर दहा टीस्पून एकदम तोला, ५० च्या आसपास आले की झालं.

आता तुमचीच कृती घेऊ. आधी साखर, कारण चमचा कोरडा असतो. चमचा भरा, सुरीच्या पाठीने शीग काढा आणि वेगळ्या वाटीत ओता. शीग ठेवून मोजलंत तर दहा चमच्यांत दहा शिगा जमतात आणि सगळा हिशोब पाण्यात जातो. दहापर्यंत मोजताना फोन वाजतोच, म्हणून मी २/३ कप कधी एका दमात मोजत नाही. ५ मोठे आणि १ छोटा अशी एक फेरी, मग तशीच दुसरी. मधे गडबड झालीच तर ओतलेलं वेगळ्या वाटीत असतं, परत सुरुवात करता येते. थेट मिश्रणावर चमचा धरून मोजणाऱ्याला ती सोय नाही. १० टेबलस्पून आणि २ टीस्पून साखर वजनाला साधारण १३३ ग्रॅम भरते. काट्यावर १६०-१७० दिसले तर समजा, शीग राहिली.

मग त्याच चमच्याने तेल. चमचा आडवा आणि स्थिर धरा. पातळ पदार्थ काठाच्या वर फुगून उभा राहतो आणि तो फुगवटाही मापात जमा होतो. एका चमच्याला एक मिली जास्त गेलं तरी सहा खेपांत सहा मिली, म्हणजे एक टीस्पूनहून जास्त. पृष्ठभाग सपाट दिसला की थांबा, ओतल्यावर थेंब निथळू द्या. कृतीत मध असेल तर तो तेलानंतर मोजा, तेलकट चमच्यातून सगळा घसरून येतो. मैद्याचं मात्र उलट. चमचा पिठात खुपसला की पीठ दाबून बसतं. पीठ आधी मोकळं करून दुसऱ्या चमच्याने वरून भुरभुरवा आणि मग शीग काढा. तरीही २/३ कपाहून जास्त मैदा मी चमच्याने मोजत नाही, तिथे काटाच काढते.

एक बारीकशी गोष्ट राहिली. वरचा सगळा हिशोब साधारण २४० मिलीच्या कपाचा आहे. कृती २५० मिलीचा कप धरून लिहिलेली असेल तर १/३ कपाला ३ मिली कमी पडतात, ती मी सोडून देते. २/३ कपाला ७ मिली कमी पडतात, तिथे आणखी एक टीस्पून घाला.